पहिल्या दिवसाची सही

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यात मोबाइलवरचे ॲप फोनमध्ये येण्याच्या वाटा एकाहून जास्त आहेत. प्ले स्टोअर ही त्यांतली रुळलेली वाट. पण मंडणगड, संगमेश्वर किंवा राजापूर तालुक्यांतल्या आडवळणाच्या वाड्यांत, जिथे सिग्नल घराच्या एखाद्या कोपऱ्यातच मिळतो, तिथे शेजाऱ्याच्या फोनवरून फाइल घेणे सोपे पडते. कुणी व्हॉट्सॲप गटावर आलेली एपीके फाइल दाबतो, कुणी बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतो, कुणी एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या भांडारातून. ॲप चालू होते आणि काही महिने काहीच बिघडत नाही. मग नवी आवृत्ती येते, अपडेटचे बटण दाबले जाते आणि फोन सांगतो की ॲप इन्स्टॉल झाले नाही. जागा भरपूर आहे, नेट चालू आहे, फाइलही पूर्ण उतरलेली आहे, तरी नकार कायम. दुकानात नेले की बहुतेक ठिकाणी एकच उपाय सांगितला जातो: जुने काढा, नवे टाका. तो उपाय लागू पडतो, पण ॲपमध्ये साठलेला मजकूर त्यात जातो. या पुस्तिकेचा विषय हा नकार आहे. महा ई-सेवा केंद्र चालवणारे, मोबाइल दुरुस्ती करणारे, शाळेत पालकांचे फोन हाताळून देणारे शिक्षक आणि स्वतः छोटी ॲप बनवणारे अशा लोकांसाठी ती लिहिली आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे: हा नकार म्हणजे फोनचा बिघाड नाही. ॲप पहिल्यांदा टाकले त्या दिवशी फोनने जे मान्य केले, ते तो पाळतो आहे. म्हणून काळजी घ्यायची ती अपडेटच्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी.

अँड्रॉइडवरच्या प्रत्येक ॲपला दोन ओळखी असतात. पहिली त्याचे अंतर्गत नाव. पडद्यावर चिन्हाखाली दिसते ते हे नाव नसते. हे नाव `com.whatsapp` अशा धाटणीचे असते आणि एका फोनवर त्या नावाचे एकच ॲप राहू शकते. दुसरी ओळख सहीची. ॲप बनवणाऱ्याकडे किल्ल्यांची एक जोडी असते. त्यातली खाजगी किल्ली तो कुणाला दाखवत नाही. तिच्या साहाय्याने तो फाइलवर सही करतो. जोडीतली दुसरी, सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्राच्या रूपात फाइलबरोबरच फिरते आणि सही खरी की खोटी हे तिच्यावरून कुणालाही तपासता येते. सही नसलेले ॲप अँड्रॉइड मुळी घेतच नाही. मात्र ही सही कोणाची असावी याबद्दल त्याची काहीच अट नसते. बँकांच्या संकेतस्थळांना लागते तसे वरच्या संस्थेने दिलेले प्रमाणपत्र इथे लागत नाही. बनवणारा स्वतःच आपले प्रमाणपत्र तयार करतो. त्यामुळे पहिल्यांदा ॲप टाकताना फोन सही करणाऱ्याची योग्यता तपासत नाही. बँकेत खाते उघडताना नमुना सही घेतात, तशी तो ती सही नोंदवून ठेवतो एवढेच. पुढे त्याच अंतर्गत नावाची नवी फाइल आली की तिच्यावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळते का, हे पाहतो. जुळली तर अपडेट, नाही जुळली तर नकार. ॲपचे चिन्ह तेच आहे, नाव तेच आहे, बनवणाऱ्या मंडळींचा मूळ कोडही तोच आहे, या गोष्टींना तिथे वजन नाही.

एवढा कडकपणा कशासाठी, हे कळायला अपडेटमध्ये नेमके काय घडते ते पाहावे लागते. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला स्वतःची बंद खोली देतो. त्या खोलीत त्याचे संदेश, लॉगिनच्या खुणा, अर्धवट भरलेले अर्ज आणि शिकलेले शब्द असतात, आणि दुसऱ्या ॲपला तिथे डोकावता येत नाही. अपडेट होते तेव्हा जुना कोड जातो, नवा येतो, पण खोली तीच राहते; तुम्हाला पुन्हा लॉगिन करावे लागत नाही ते यामुळेच. याचा अर्थ, अपडेट म्हणून आत येणाऱ्याला भरलेल्या खोलीचा ताबा आयताच मिळतो. सहीची अट नसती, तर बँकेच्या ॲपचे अंतर्गत नाव घेऊन कुणीही एक फाइल बनवली असती, अपडेट म्हणून पाठवली असती आणि खऱ्या ॲपने जपलेले सगळे तिच्या हाती पडले असते. त्यासाठी पासवर्ड फोडायची गरज उरली नसती. नोंदीतल्या सहीशी जुळणी हा या धोक्यावरचा पहारा आहे, आणि त्याला प्रामाणिक माणूस व लबाड माणूस यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त तीच किल्ली आणि वेगळी किल्ली एवढेच कळते.

आता एक उदाहरण तपशिलात पाहू, ज्यात कुणीही लबाड नाही. इंडिक कीबोर्ड हे मराठीसह अनेक भारतीय भाषांत टंकलेखन करू देणारे मुक्त सॉफ्टवेअर, स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंग या गटाच्या कामातून आलेले. त्याचे अंतर्गत नाव `org.smc.inputmethod.indic`. ते प्ले स्टोअरवरही आले आणि एफ-ड्रॉइडवरही. एफ-ड्रॉइडची सर्वसाधारण रीत अशी की बनवणाऱ्यांनी दिलेली तयार फाइल ते वाटत नाहीत. उघडा असलेला मूळ कोड घेऊन ते स्वतः ॲप बांधतात आणि त्यावर स्वतःच्या किल्लीने सही करतात, म्हणजे जाहीर केलेल्या कोडखेरीज फाइलमध्ये दुसरे काही नाही याची हमी वापरणाऱ्याला मिळते. समजा, लांज्याच्या एखाद्या शिक्षिकेने हा कीबोर्ड एफ-ड्रॉइडवरून घेतला. वर्ष-दोन वर्षांत तिचे नेहमीचे शब्द, मुलांची नावे, गावांची नावे कीबोर्डने शिकून घेतली. पुढे कुणीतरी तिला प्ले स्टोअरवरच्या प्रतीची फाइल दिली आणि ती टाकताना फोनने नकार दिला. संगणकाला फोन जोडून तीच फाइल आदेशाने टाकून पाहिली, तर कारण स्पष्ट छापून येते:

```
adb install indic-keyboard.apk
Failure [INSTALL_FAILED_UPDATE_INCOMPATIBLE: Existing package
org.smc.inputmethod.indic signatures do not match newer version; ignoring!]
```

दोन्ही प्रती खऱ्या आहेत, दोन्हींचा कोड एकाच हाताचा आहे, पण सह्या दोन किल्ल्यांच्या आहेत. उलट दिशेने गेले तरी हेच होते: प्ले स्टोअरची प्रत आधी असेल तर एफ-ड्रॉइडची तिच्यावर बसत नाही. इथे नकार हा अन्याय वाटू शकतो. पण कीबोर्ड म्हणजे माणूस जे जे टंकतो ते सगळे पाहणारे ॲप. त्याची जागा वेगळ्या किल्लीच्या फाइलने निमूट घ्यावी, असे मात्र ती शिक्षिकाही म्हणणार नाही.

अशी अडचण एकट्या कीबोर्डची नाही. टर्मक्स या ॲपच्या निर्मात्यांनी आपल्या माहितीपत्रातच लिहून ठेवले आहे की एफ-ड्रॉइडची प्रत, गिटहबवरची प्रत आणि प्ले स्टोअरची प्रत वेगवेगळ्या किल्ल्यांनी सही केलेल्या आहेत. एकीकडून दुसरीकडे जायचे तर ॲप आणि त्याची सगळी जोड-ॲप काढून टाकावी लागतात. एफ-ड्रॉइडनेही या अडचणीवर वाट काढली आहे. आपण बांधलेली फाइल आणि मूळ निर्मात्याची फाइल सही वगळता अक्षरशः सारखी निघते हे सिद्ध करता आले, तर ते निर्मात्याच्याच सहीची प्रत वाटतात. मग दोन्ही ठिकाणच्या प्रती एकमेकींवर बसतात. पण तसा हुबेहूब सारखेपणा साधण्यासाठी ॲप बांधण्याच्या पद्धतीत काटेकोरपणा लागतो, आणि तो सगळ्या ॲपच्या बाबतीत साधलेला नाही.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की स्टोअरबाहेरून घेतलेले ॲप पुढे अडणारच. तो निष्कर्ष चुकीचा आहे. व्हॉट्सॲप आपली एपीके फाइल स्वतःच्या संकेतस्थळावरून देते. तिथून घेतलेली प्रत पुढे प्ले स्टोअरवरून विनातक्रार अपडेट होते, कारण दोन्हींवर एकच सही आहे. शेजाऱ्याने प्ले स्टोअरवरून घेतलेले ॲप फोनवरून फोनवर पाठवले, तरी सही फाइलबरोबरच येते, वाटेत ती बदलत नाही. नेट कमी असलेल्या भागांत लोक ॲप असेच वाटून घेतात हे गूगललाही ठाऊक आहे; २०१८ साली त्यांनी प्ले स्टोअरच्या फाइलींत एक जादा खूण घालायला सुरुवात केली, ती अशा हस्ते-परहस्ते आलेल्या प्रती ओळखता याव्यात म्हणूनच. ई-पीक पाहणीचे ॲप घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर लागू झाले आणि हंगाम आला की हापूसच्या बागायतदारापासून भातशेतकऱ्यापर्यंत अनेकांना ते एकाच वेळी लागते. ते शेजाऱ्याच्या फोनवरून मूळ फाइलीच्या रूपात आले असेल, तर सहीच्या कारणाने अपडेट अडणार नाही. दुसऱ्या कारणाने अडू शकते. प्ले स्टोअर हल्ली अनेक ॲप एका फाइलीत न देता मूळ भाग, पडद्याच्या घनतेचा भाग, भाषेचा भाग असे तुकडे करून देते. पाठवणाऱ्याने त्यातला एकच तुकडा पाठवला, तर घेणारा फोन `INSTALL_FAILED_MISSING_SPLIT` म्हणून तो नाकारतो. जुन्या अँड्रॉइडच्या पडद्यावर मात्र दोन्ही वेळा सामान्य माणसाला एकच वाक्य दिसते की ॲप इन्स्टॉल झाले नाही. म्हणून फाइल कोणत्या वाटेने आली यापेक्षा तिच्यावर सही कोणाची आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो. ही सगळी व्यवस्था स्टोअरवाल्यांनी आपले गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी केली आहे, असे अनेकांना वाटते. याचे उत्तर अर्धे नाही आणि अर्धे हो असे आहे. सही जुळवण्याचे काम फोनची प्रणाली करते, स्टोअर करत नाही. ज्या फोनवर प्ले स्टोअर नाहीच, तिथेही तो नियम तसाच चालतो, आणि एफ-ड्रॉइडवरून घेतलेल्या प्रतीला प्ले स्टोअरच्या आक्रमणापासून तो तितक्याच चोखपणे वाचवतो. पण किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत बदलला आहे. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या ॲपसाठी तयार एपीकेऐवजी ॲप बंडल देणे सक्तीचे झाले. बंडलवरून प्रत्येक फोनला लागेल ती फाइल गूगल स्वतः बांधते, आणि बांधते म्हटल्यावर त्यावर सहीही गूगललाच करावी लागते. निर्माता आपली किल्ली गूगलला देऊ शकतो, किंवा गूगललाच नवी किल्ली तयार करायला सांगू शकतो. दुसरा पर्याय सोपा आहे, पण ती किल्ली निर्मात्याच्या हाती कधीच येत नाही. मग त्याने आपल्या संकेतस्थळावर स्वतःच्या दुसऱ्या किल्लीने सही केलेली फाइल ठेवली, तर एकाच माणसाच्या एकाच ॲपच्या दोन परस्परविरोधी प्रती तयार होतात. हा दोष सहीच्या नियमाचा नाही, पण स्टोअरच्या सोयीमुळे तो वाढला, हे मान्य करायला हवे.

भारतात या प्रश्नाला आणखी धार आहे, कारण इथे भांडारे अनेक आहेत. सरकारी ॲपसाठी मोबाइल सेवा ॲपस्टोअर आहे, सॅमसंगचे स्वतःचे भांडार आहे, आणि फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठीसह बारा भारतीय भाषांत चालणारे इंडस ॲपस्टोअर सुरू केले. जो निर्माता या सगळीकडे आपले ॲप ठेवणार, त्याने पहिल्या दिवशीच एक किल्ली ठरवून सगळीकडे तीच वापरायला हवी. किल्ली गूगलने तयार केली असेल तरी वाट बंद होत नाही: प्ले कन्सोलमध्ये ॲप बंडल एक्सप्लोररमधून त्याच किल्लीने सही केलेली, सगळ्या फोनवर चालणारी एकसंध एपीके उतरवता येते. बाहेर वाटायची ती ही फाइल. जिल्ह्यातल्या एखाद्या सहकारी संस्थेसाठी किंवा शाळेसाठी ॲप करून देणारे तरुण बहुधा याहून साध्या ठिकाणी अडतात. अँड्रॉइड स्टुडिओ चाचणीसाठी प्रत्येक संगणकावर आपोआप एक वेगळी डीबग किल्ली तयार करतो. घाईत त्या किल्लीने सही झालेली फाइल सभासदांना वाटली जाते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या संगणकावर बांधलेली फाइल येते आणि पन्नास फोनपैकी एकावरही ती बसत नाही. दोन्ही फाइलींचा कोड बरोबर असतो. चूक पहिल्या वाटपाच्या दिवशी झालेली असते. किल्लीची फाइल हरवली, तरी परिणाम हाच. ती परत मिळवायची कोणतीही सोय नाही. प्ले स्टोअरबाहेरच्या वाटपात मग नवे अंतर्गत नाव घेऊन नवे ॲप म्हणून पुन्हा सुरुवात करावी लागते.

किल्ली बदलायचीच असेल तर अँड्रॉइडने २०१८ साली, ९व्या आवृत्तीपासून, एक रीतसर मार्ग ठेवला आहे. जुन्या किल्लीने नव्या किल्लीला वारस नेमल्याचे लेखी नाते फाइलीतच जोडता येते, आणि फोन ते तपासून नवी सही मान्य करतो. पण यासाठी जुनी किल्ली हाताशी असावी लागते. हरवलेल्या किल्लीला वारस नेमता येत नाही, आणि दोन स्वतंत्र लोकांच्या किल्ल्यांना एकमेकांचे वारसही करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फोन माझा, ॲप मी निवडलेले. मग फोनने मला विचारावे, मी हो म्हटले की पुढे जावे, परस्पर नकार का? याचे उत्तर फसवणुकीच्या आजच्या पद्धतीत आहे. वाहतूक दंडाचे चलान, लग्नाची पत्रिका, वीजबिल, अनुदानाची यादी अशा नावांनी एपीके फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात, आणि फोनवर बोलणारा माणूस पुढच्या प्रत्येक बटणावर हो म्हणायला सांगत असतो. विचारण्याने अडणारी गोष्ट अशा वेळी अडत नाही. शिवाय ॲपमध्ये साठलेले सगळे एकट्या मालकाचे नसते. गटातल्या इतरांचे संदेश, ग्राहकांचे पत्ते आणि विद्यार्थ्यांची माहितीही तिथे असते. मालकाचा अधिकार अँड्रॉइडने काढून घेतलेला नाही. तो ॲप काढून टाकू शकतो आणि हवी ती फाइल नव्याने टाकू शकतो. फक्त नव्या सहीच्या ॲपला जुन्या खोलीची किल्ली मिळत नाही. ते रिकाम्या खोलीत येते. निवड करण्याचा हक्क आणि साठवलेल्या मजकुराचा ताबा या दोन गोष्टी इथे वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि ते योग्य आहे.

मात्र या पहाऱ्याच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या नाहीत तर ही पुस्तिका खोटा दिलासा देईल. सही जुळली याचा अर्थ आधी आला तोच आता आला आहे, एवढाच. तो भला आहे असा नाही. चलानाच्या नावाने येणारी फाइल कोणत्याच जुन्या ॲपचे अंतर्गत नाव घेत नाही; ती नवे ॲप म्हणून येते, तिच्यासाठी नोंदीत जुनी सही नसते, आणि पहारा तिला अडवत नाही. जीबी व्हॉट्सॲपसारख्या बदललेल्या प्रतीही `com.gbwhatsapp` असे वेगळे नाव घेऊन खऱ्या ॲपशेजारी बसतात. खऱ्या व्हॉट्सॲपचेच नाव घेणारी बदललेली प्रत आली, तर फोन ती नाकारतो, आणि तेव्हा ती देणारा सांगतो की आधी जुने काढा. हा सल्ला ऐकणे म्हणजे पहारेकऱ्याला स्वतःच्या हाताने घरी पाठवणे. २०२१ साली एफएम व्हॉट्सॲप या अशाच प्रतीच्या एका आवृत्तीत ट्रायडा हा घातक प्रोग्राम कॅस्परस्कीच्या तज्ज्ञांना सापडला होता. आणि किल्ली चोरीला गेली तर पहारा निरुपयोगी होतो: २०२२च्या अखेरीस सॅमसंग, एलजी, मीडियाटेक यांच्या काही सहीच्या किल्ल्या बाहेर पडून त्यांनी सही केलेली घातक ॲप आढळल्याचे गूगलच्या तज्ज्ञांनी उघड केले. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने आणखी एक पायरी जाहीर केली: प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बाहेरून टाकायच्या ॲपच्याही निर्मात्याने आपली ओळख नोंदवावी, २०२६ पासून काही देशांत आणि पुढे सर्वत्र. त्या योजनेवर वाद आहे आणि तो रास्तही आहे. पण तिने ‘पहिली सही कोणाची’ हा प्रश्न ऐरणीवर आणला, एवढे खरे.

नकार समोर आलाच तर काय करावे, याचा क्रम पुढील प्रकरणांत सविस्तर आहे. इथे त्यामागचे तर्क सांगतो. आधी कारण खरोखर सहीचेच आहे का हे पाहावे. नव्या अँड्रॉइडवर पॅकेज आधीच्या पॅकेजशी जुळत नाही, अशा अर्थाचा संदेश येतो. संगणक असेल तर वर दिलेला आदेश नेमके कारण छापतो, आणि हाती आलेल्या फाइलीवर सही कोणाची आहे हे असे दिसते:

```
apksigner verify --print-certs app.apk
```

त्यात येणारी SHA-256 ची ओळ म्हणजे प्रमाणपत्राचा ठसा, ६४ अक्षर-अंकांचा. फोनमधून काढलेल्या जुन्या फाइलीचा ठसा आणि नव्या फाइलीचा ठसा शेजारी ठेवले की वाद संपतो. सिग्नलसारखे काही निर्माते आपला ठसा संकेतस्थळावर जाहीर करतात. त्याच्याशी ताडून दोन्हींपैकी खरी कोणती हेही कळते. हे वेगळे तपासणे गरजेचे आहे, कारण कधी कधी नवी फाइल खरी असते आणि आधीपासून फोनमध्ये बसलेली प्रतच बनावट असते. ठसे वेगळे निघाले आणि नवीच प्रत हवी असेल, तर आधी ॲपच्या आतल्या निर्यात किंवा बॅकअपच्या सोयीने मजकूर बाहेर काढावा, तो फोनबाहेर ठेवावा, उघडून पाहावा, आणि मगच जुने ॲप काढावे. शेतात नेटवर्क नसताना नोंद फोनमध्ये ठेवून नंतर पाठवण्याची सोय असलेल्या ॲपमध्ये तर अपलोड व्हायची राहिलेली प्रत्येक नोंद आधी पाठवून घ्यावी. ॲप काढले की ती नोंद कुठेच उरत नाही. मजकूर राखून ॲप काढण्याचा `adb uninstall -k` हा आदेश इथे कामाचा नाही, कारण राखलेल्या मजकुराबरोबर जुन्या सहीची नोंदही राहते आणि नकार तसाच येतो. ॲप काढूनही नकार येत राहिला, तर ते दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यात, कामाच्या प्रोफाइलमध्ये किंवा सिक्युअर फोल्डरमध्ये उरले आहे का ते पाहावे. तिथून काढेपर्यंत फोनच्या नोंदीत जुनी सही जिवंत असते.

यातले बरेचसे नंतरचे कष्ट एका सवयीने वाचतात. ॲप कुठूनही घ्या, पण फोनमध्ये टाकण्याआधी विचारा की याचे पुढचे अपडेट कुठून येणार आहे, आणि त्याच ठिकाणाहून पहिली प्रतही घ्या. दुसऱ्याचा फोन हाताळणाऱ्यांनी ॲप काढून टाकण्याआधी मालकाला काय जाईल ते सांगावे आणि त्याचे हो घ्यावे. ॲप बनवणाऱ्यांनी पहिली फाइल वाटण्याआधी किल्ली ठरवावी, तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जपाव्यात आणि तिचा ठसा जाहीर करावा. एवढे केले की अपडेट सहीपाशी अडायचे कारण उरत नाही. आणि तरीही ते अडले, तर ती फाइल टाकू नये.